डब्यावरचा आकडा आणि ओठातली रीड

क्लॅरिनेट शिकायला आलेल्या मुलाचा आवाज निघत नसेल, तर मी त्याच्या बोटांकडे नंतर बघतो. आधी रीडचा डबा मागतो. मुलचेऱ्याच्या आसपासच्या बंगाली गावांतून जी मुलं माझ्याकडे येतात, त्यांच्या डब्यावर बहुधा चुकीचा आकडा असतो आणि तो कुणीतरी मोठ्या विश्वासानं सांगितलेला असतो.

ही गावं पूर्व पाकिस्तानातून आलेल्या कुटुंबांची, साठच्या दशकापासून इथं वसलेली. बंगालच्या जात्रेत हार्मोनियम आणि ढोलकाच्या जोडीला क्लॅरिनेट आणि कॉर्नेट लागतात, त्यामुळे घरातल्या म्हाताऱ्यांना या वाद्याची ओढ असते. लग्नाच्या बँडमुळे चार पैसेही मिळतात. असाच एक चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा आजोबांना घेऊन आला. क्लॅरिनेट जुनं, हातोहात फिरलेलं, मेरठच्या बनावटीचं. रीडच्या डब्यावर लिहिलं होतं ३½.

"गुरुजी, हा दोन महिने फुंकतोय," आजोबा म्हणाले. "हवाच येते, सूर येत नाही. छातीत दम नाही का याच्या?"

दम भरपूर होता. एका बँडवाल्यानं त्याला सांगितलं होतं की दोन-अडीच नंबर पोरासोरांचे, साडेतीन घे म्हणजे आवाज दमदार होईल. हा समज आपल्याकडे इतका पक्का आहे की रीडचा नंबर शाळेतल्या इयत्तेसारखा वाटतो, वरचा तेवढा हुशार. खरं तर तो नंबर वाजवणाऱ्याची लायकी सांगत नाही आणि रीडची जाडीही सांगत नाही. एका प्रकारच्या सगळ्या रीड यंत्रावर एकाच मापानं कापतात. टोकाशी त्या मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढ्याच असतात, मग नंबर २ असो की ४. कापून झाल्यावर प्रत्येक रीड किती दाबानं वाकते ते मोजतात आणि त्याप्रमाणे वेगवेगळ्या डब्यांत टाकतात. बोरूसारख्या ज्या गवतापासून, म्हणजे अरुंडो डोनॅक्सपासून, रीड बनते, त्याचे तंतू कुठे दाट, कुठे विरळ असतात. त्यामुळे ताठपणा बदलतो आणि तोच आकडा डब्यावर येतो.

हा आकडा सगळ्या कंपन्यांचा सारखाही नसतो. व्हँडोरेनची साधी २½ नंबरची रीड ओठाला साधारण रिकोच्या ३ नंबरएवढी कडक लागते. म्हणून "मी अडीच वाजवतो" हे वाक्य कंपनीचं नाव घेतल्याशिवाय अर्धवटच.

पण त्या मुलाची खरी गोम माऊथपीसमध्ये होती. रीड बांधून माऊथपीस उजेडाकडे आडवा धरला की टोकाशी एक फट दिसते. रीड तेवढ्या फटीत हलते, म्हणून फट मोठी असेल तर रीडला जास्त वाकावं लागतं आणि तीच रीड जास्त कडक वाटते. नवशिक्यांना बहुधा दिला जाणारा यामाहाचा ४सी माऊथपीस साधारण १.०५ मिलिमीटर उघडा असतो, व्हँडोरेनचा बी४५ साधारण १.२ मिलिमीटर. आकड्यात फरक किरकोळ दिसतो, ओठाला मात्र चांगलाच कळतो. या मुलाच्या माऊथपीसवर कसलाच नंबर नव्हता. माझा ४सी शेजारी धरला, तर त्याची फट नुसत्या डोळ्यांनी मोठी दिसत होती. त्यावर साडेतीन नंबर मीसुद्धा अर्धा तास वाजवू शकलो नसतो.

लगेच नवी रीड आणायला मात्र मी सांगितलं नाही. आवाज न निघण्याचं कारण गळतीही असू शकतं. रीड ओली करून माऊथपीसवर बांधायची, माऊथपीसचं खालचं तोंड तळहातानं घट्ट बंद करायचं, वरून हवा ओढून घ्यायची आणि तोंड काढायचं. रीड क्षणभर चिकटून राहून 'टप्' करून सुटली, तर बैठक ठीक. लगेच सुटली, तर रीडचा सपाट भाग वाकडा झालाय, लिगेचर नीट आवळलेलं नाही किंवा माऊथपीसच्या कडा घासल्यात. त्याच्या रीडनं चांगली टप् केली, म्हणजे गळती नव्हती. रीडचं टोकही जागेवर होतं. समोरून पाहिलं तर रीडच्या वर माऊथपीसची केसाएवढी काळी रेघ दिसली पाहिजे, तेवढी दिसत होती. दोष ताठपणाचाच होता.

ताठ रीडची खूण ऐकू येते आणि अंगावरही दिसते. सुराआधी फुस्स अशी हवा येते. हळू आवाजात सूर सुरूच होत नाही. मुलगा खालचा जबडा आवळून रीड दाबायला लागतो आणि दहा मिनिटांत खालच्या ओठाच्या आत दातांचे वळ उठतात. आवळायच्या सवयीचा हा रोग एकदा लागला की पुढं योग्य रीड दिली तरी सुटायला वेळ लागतो. म्हणून मला मऊ रीडपेक्षा कडक रीडची जास्त भीती वाटते.

तरी घरच्यांनी लंबक दुसऱ्या टोकाला नेला. पुढच्या खेपेला आजोबांनी १½ आणली. घरात बसून सूर सहज निघाला, सगळे खूश. मग मी त्याला अंगणात उभं करून जोरात फुंकायला लावलं. आवाज पिपाणीसारखा चिरका झाला आणि फुंक वाढली तसा बंदच पडला, कारण मऊ रीड हवेच्या दाबानं माऊथपीसला चिकटते आणि फट मिटते. लांब सूर धरला की तो खाली उतरत होता. मांडवात ढोल आणि कॉर्नेटसोबत असं वाजवलं तर कुणाला ऐकूही जाणार नाही.

मी जी परीक्षा घेतो ती साधी आहे. सगळी भोकं झाकून खालचा सूर हळू सुरू करायचा, हळूहळू मोठा करायचा, परत हळू करायचा. जबडा न आवळता हे जमलं पाहिजे. मग बोटं तशीच ठेवून डाव्या अंगठ्याची रजिस्टर की दाबायची. क्लॅरिनेटचा सूर तेव्हा बासरीसारखा एक सप्तक वर जात नाही, त्याच्याही वरच्या पंचमावर जातो. रीड फार मऊ असेल तर तो वरचा सूर ढिला पडतो, फार ताठ असेल तर येतच नाही. त्या मुलाला त्याच्या उघड्या माऊथपीसवर रिकोची २ नंबर बसली. ४सीसारखा माऊथपीस असता तर मी २½ दिली असती. ओठ तयार झाल्यावर, साधारण पाऊस संपता संपता, तोही अडीचवर गेला.

डब्यातल्या दहाही रीड सारख्या नसतात हेही त्याला तेव्हाच कळलं. दोन-तीन जरा ताठ, दोन-तीन मऊ, बाकीच्या बऱ्या. ताठ निघालेली टाकायची नाही. वाजवून वाजवून ती मऊ होतेच. तोवर रीड माऊथपीसवर किंचित खाली सरकवून बांधली तर हलकी लागते, किंचित वर सरकवली तर ताठ. घासायला पॉलिश पेपर हातात घेण्याआधी हे करून बघावं. नवशिक्यानं तर घासूच नये.

आजोबांनी मध्येच विचारलं होतं की जंगलात एवढा बांबू आहे, त्याचीच रीड का तासू नये? बांबूही गवतच, आणि वाजेलही. पण त्याचे तंतू जास्त दाट. त्यातून हातानं तासलेल्या तुकड्याचा ताठपणा कुणालाच माहीत नसतो. शिकणाऱ्याला चूक ओठाची की रीडची, हे कळायचं कसं?

योग्य नंबर मिळाला, पण त्याची पहिली रीड महिन्याभरात गेली. मे महिना होता. लग्नांचे दिवस, आणि पोरगा वाजवून झालं की रीड माऊथपीसवरच ठेवून टोपण लावायचा. लाळेनं ओली रीड त्यात नीट वाळत नाही, आणि वाळते तेव्हा वाकडी वाळते. दुसऱ्या दिवशी टोक लाटेसारखं झालेलं. असं टोक दोन-चार मिनिटं साध्या पाण्यात ठेवलं तर बहुधा सरळ होतं, पण रोज असं केलं की तंतू लवकर थकतात.

आता तो चार रीड आळीपाळीनं वापरतो. प्रत्येकीच्या सालीवर पेन्सिलनं क्रमांक आणि सुरू केल्याची तारीख आहे. नवी रीड पहिल्या दिवशी पाच-सात मिनिटंच, तीही मधल्या आवाजात. मग रोज थोडी वाढ, आणि आठवड्याभरानं तिला वरातीत न्यायचं. वाजवून झालं की रीड काढायची, बोटाच्या चिमटीत धरून बुडाकडून टोकाकडे पुसायची (उलट पुसलं तर टोकाची धार फाटते) आणि सपाट बाजू काचेच्या तुकड्यावर ठेवून रबर बँडनं हलकी अडकवायची.

आमच्याकडे दोन ऋतू रीडचे वैरी. उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी की टोक चटकन सुकतं, तेव्हा वाजवायच्या आधी दोन मिनिटं तरी पाण्यात भिजवावी लागते. मी रीडचा डबा झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात घालून माठाजवळच्या कोपऱ्यात ठेवतो, मोटारसायकलच्या डिकीत कधीच नाही. पावसाळ्यात उलट. तेव्हा डबा बंद ठेवला की चार दिवसांत टोकाजवळ काळे-हिरवे ठिपके येतात. सालीवरचे तपकिरी डाग जन्मजात असतात, त्यांची चिंता नको. पण तासलेल्या भागावर आलेले, पुसल्यावर बोटाला लागणारे ठिपके बुरशीचे. ती रीड तोंडात घालायची नाही. पावसाळ्यात रीड पुसून थोडा वेळ उघड्या हवेत ठेवाव्या आणि मगच डब्यात टाकाव्या.

आणि खर्रा. गडचिरोली-चंद्रपुरात बँडमधल्या निम्म्या माणसांच्या गालात तो असतो. सुपारीचे कण रीड आणि माऊथपीसच्या मधे अडकतात, रीड तपकिरी होते आणि तिला वास मारतो. मुलाला मी एवढंच सांगितलं आहे की वाजवायच्या आधी चूळ भरायची, चहा-सरबत प्यायलं असेल तरीही. साखर रीडच्या तंतूंत मुरते.

रीड मेली कधी म्हणायची? टोकाला तडा किंवा तुकडा गेला तर प्रश्नच नाही. नाही तर पुन्हा तीच परीक्षा: खालचा सूर जोरात धरला की मिटतो, वरचा सूर उतरतो, आणि भिजवूनही आवाजाला ताण येत नाही. चार आळीपाळीत असतील तर अशी वेळ एका वेळी एकीचीच येते. त्यामुळे तिसरी गेली की मी नागपूरला जाणाऱ्या कुणाकडे नव्या डब्याचे पैसे देऊन ठेवतो, कंपनीचं नाव आणि नंबर कागदावर लिहून.