तपासणीची वेळ पुढे गेली, गोळीची नाही

बुधवारी संध्याकाळी लॅबचा मेसेज आला. बाबांची उपाशीपोटीची शुगर आणि लिपिड प्रोफाइल गुरुवारी सकाळी ७ वाजता ठरली होती. काही तांत्रिक कारणामुळे ती शनिवारी सकाळी १०.३० ला होईल, असं त्यात होतं. खाली नेहमीच्या सूचना होत्या: आदल्या रात्री ८ नंतर काही खाऊ नये, पाणी चालेल, नेहमीची औषधे सुरू ठेवावीत. मेसेज स्वच्छ मराठीत होता, तारीख-वार बरोबर होते. मी तो तसाच बाबांच्या फोनवर पाठवला.

बाबा घाटंजी तालुक्यात गावी राहतात. सकाळी ७ ची वेळ होती तेव्हा ते आदल्या दिवशीच यवतमाळला आमच्याकडे मुक्कामी येणार होते. १०.३० म्हटल्यावर ते म्हणाले, मग मुक्काम कशाला, सकाळच्या एसटीनं थेट येतो. गावाकडे दिवेलागणीनंतर लगेच जेवणं होतात. सूचनेत ८ होतं, म्हणून त्यांनी शुक्रवारी साडेसातलाच ताट आवरलं. सकाळी चहा नाही, खर्रा नाही. साडेसातला मधुमेहाची गोळी मात्र पाण्यासोबत घेतली आणि स्टँडवर आले.

लॅबमध्ये शनिवारची गर्दी होती. अकराला त्यांचा नंबर आला तेव्हा कपाळावर घाम होता आणि बोटं थरथरत होती. मे महिना, एसटीचा प्रवास, त्यामुळे मला ते उन्हाचंच वाटलं. रक्त काढणाऱ्या मुलीनं मात्र विचारलं, "काका, शुगरची गोळी घेतली का?"

"गोळी तं रोजच्या टायमालेच घेतली मी. त्याईनंच लिवलं होतं ना," बाबा म्हणाले.

तिनं ग्लुकोमीटर लावलं. आकडा ६२ आला. ७० च्या खाली गेली की शुगर कमी झाली असं धरतात. तिनं तपासणी थांबवली, अर्धा पेला पाण्यात तीन चमचे साखर विरघळवून प्यायला दिली आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा बोट टोचलं. आकडा वर आला, तरी तिनं बाबांना पोळी-भाजी खाल्ल्याशिवाय उठू दिलं नाही. कारण बाबांची ग्लिमेपिराइडची गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग पोटात अन्न असो वा नसो, आणि तिचा अंमल बराच वेळ राहतो. साखरेच्या पाण्यानं आलेली तरतरी तासाभरात ओसरू शकते.

आता हे घडलं कसं ते नीट पाहू. मेसेजमधली प्रत्येक सूचना सकाळी ७ च्या वेळेला बरोबर बसत होती. रात्री ८ ते सकाळी ७ म्हणजे अकरा तास; लिपिडसाठी दहा-बारा तासच मागतात. रक्त ७ ला दिलं असतं तर नाश्ता आणि गोळी साडेसातला, म्हणजे रोजच्याच वेळी झाली असती. वेळ साडेतीन तास पुढे सरकली, सूचना मात्र जागच्या जागी राहिल्या. त्यामुळे उपास साडेपंधरा तासांवर गेला. त्याहून वाईट म्हणजे गोळीची वेळ, जी आधी रक्त दिल्यानंतर यायची, ती आता रक्त देण्याआधी आली. 'नेहमीची औषधे' लिहिणाऱ्याच्या डोक्यात बहुधा बीपीची गोळी असावी. ती सहसा पाण्यासोबत घेतलेली चालते. मधुमेहाच्या रुग्णाला 'नेहमीचं औषध' म्हटलं की पहिली तीच गोळी आठवणार, हे उघड आहे.

त्या वेळी रक्त घेतलं असतं तर रिपोर्टवर 'फास्टिंग ६२' छापून आलं असतं. गोळी आधी घेतली होती हे त्या कागदावर कुठेच दिसलं नसतं. डॉक्टरांनी तो आकडा पाहून गोळी कमी केली असती, तर पुढे महिनोन्‌महिने शुगर चढती राहिली असती. म्हणून फॉर्मवर नाव-वय लिहिताना शेवटचं खाणं किती वाजता झालं आणि आज कोणती गोळी किती वाजता घेतली, हे लिहून घ्यायला सांगा. फॉर्मवर रकाना नसतो, समासात लिहायचं.

वेळ बदलल्याचा मेसेज आला की हिशेब रक्त द्यायच्या वेळेपासून मागे मोजायचा. नुसत्या उपाशीपोटीच्या शुगरसाठी किमान आठ तास लागतात. सोबत लिपिड असेल आणि लॅबनं दहा-बारा तास सांगितले असतील, तर साडेदहाच्या तपासणीसाठी रात्री साडेदहापर्यंत जेवता येतं. बाबा रात्री दहाला दूध-पोळी खाऊ शकले असते. उलटही होतं. नवी तारीख संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी पडली आणि चंद्रोदयानंतर दहाला जेवण झालं, तर सकाळी ७ पर्यंत नऊच तास होतात. शुगरला ते पुरतात, बारा तास मागणाऱ्या लिपिडला नाही. आणि उपवासाचा साबुदाणा, केळं, शेंगदाण्याचा लाडू हे तपासणीच्या लेखी जेवणच. बिनसाखरेचा चहा आणि खर्राही त्या सकाळी नको. पाणी मात्र प्यावंच; उन्हाळ्यात निर्जळी राहून गेलं की शीर सापडत नाही आणि दोन-तीनदा टोचून घ्यावं लागतं.

जेवणानंतरच्या शुगरचंही तसंच. ती पहिल्या घासापासून दोन तासांनी देतात, आणि त्या जेवणासोबत रोजची गोळी घ्यायची असते. पहिलं रक्त ७ ला दिलं तर दुसरं साडेनऊ-दहापर्यंत आटोपतं. साडेदहाला दिलं तर दुपारचा एक वाजतो, आणि शनिवारी त्या वेळी लॅब उघडी असेल का हे आधी विचारावं लागतं.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असलेल्यानं साडेदहाची वेळ घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. लॅबला फोन करून सकाळची पहिली वेळ मागा, भले तारीख आणखी दोन दिवस पुढे गेली तरी चालेल. गोळीचं काय करायचं हे मात्र लॅबच्या मेसेजवरून ठरवू नका. डॉक्टरांकडे गोळीचं नाव आणि नवी वेळ दोन्ही सांगून विचारा. इन्सुलिनवाल्यांनी तर आदल्या रात्रीच्या डोसबद्दलही विचारावं. म्हातारं माणूस एकटं एसटीनं येणार असेल, तर खिशात साखरेची पुडी द्या. घाम, थरथर, एकाएकी कडाडून भूक, बोलण्यात गोंधळ, यांतलं काही जाणवलं की रक्त द्यायचं राहू द्यावं, आधी साखर खावी. शुद्ध हरपली तर तोंडात काहीही घालू नये, १०८ ला फोन करावा.

बाबांची तपासणी नंतर सकाळी ७ लाच झाली, आदल्या रात्री आमच्याकडे मुक्काम करून.

लॅब चालवणाऱ्यांना एक विनंती आहे. वेळ बदलताना जुना मजकूर पुन्हा पाठवू नका. 'रात्री अमुक वाजल्यापासून काही खाऊ नका' हा आकडा नव्या वेळेवरून काढून लिहा, आणि खाली एक ओळ घाला: मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन रक्त देण्याआधी घ्यायचं का, हे डॉक्टरांना विचारून ठरवा.