ओळखीचा शब्दही शब्दार्थात हवा

प्रश्न : पाचवीच्या मुलांसाठी छोटी हिंदी गोष्ट लिहिली आहे. लिपी एकच असल्यामुळे शब्दार्थात फक्त अवघड शब्द घेतले. पुरे ना?
– एक शिक्षिका, गडहिंग्लज

उत्तर : ताई, गोष्ट बदलू नका, यादीत थोडी भर घाला. अनोळखी शब्द आला की मूल अडतं, विचारतं. ओळखीचा वाटणारा शब्द मात्र ते बिनधास्त चुकीचा समजतं. ‘दादी अच्छी शिक्षा देती हैं’ वाचून आजी चांगलाच चोप देते, असं त्याला वाटतं! म्हणून ‘शिक्षा – शिकवण’ हवंच.

वाक्यं मात्र वर्तमानकाळात ठेवा. भूतकाळातल्या ‘ने’चा गुंता टळतो. छोट्या गोष्टींच्या नमुन्यासाठी एनसीईआरटीची ‘बरखा’ माला पाहा : 40 गोष्टी, चार स्तर.

छापण्यापूर्वी दोन-तीन मुलांना गोष्ट मराठीत सांगायला लावा. जिथं अर्थ फिरेल, तो शब्द यादीत घ्या.