संस्कार : पाठ व जोड्या लावण्याचा अभ्यास
(इयत्ता सहावी व सातवी)

हिंदूंच्या जीवनातील संस्कार शिकविताना ‘सोळा संस्कार’ अशी यादी पाठ करून घेण्याचा प्रघात आहे. परंतु ही संख्या सर्व ग्रंथांत एक नाही. गौतमधर्मसूत्रात चाळीस संस्कार सांगितले आहेत. म्हणून यादीऐवजी बालपण व विद्यार्थिदशा यांतील पाच संस्कार घ्यावेत. मुलांच्या कानांवरून गेलेल्या घरगुती शब्दांतच त्यांचा अर्थ सापडतो.

बाराव्या दिवशी नाव ठेवतात म्हणून बारसे. मनुस्मृतीत नामकरणास दहावा किंवा बारावा दिवस सांगितला आहे. सहाव्या महिन्यात बाळाच्या तोंडी प्रथम अन्न लागते, म्हणजे तोंड उष्टे होते, ते उष्टावण. पहिल्या किंवा तिसऱ्या वर्षी जन्मापासूनचे केस, म्हणजे जावळ, काढतात, ते चौल. उपनयनात बटूच्या कमरेस मुंज नावाच्या गवताची मेखला बांधतात, त्यावरून मुंज हे नाव पडले. अध्ययन संपल्यावर ती मेखला सोडून व स्नान करून शिष्य घरी परते. म्हणून समावर्तनास सोडमुंज आणि अशा शिष्यास स्नातक म्हणत.

अभ्यास : ‘अ’ गटातील नावांशी ‘ब’ गटातील योग्य शब्द जोडा. ‘ब’ गटातील एक शब्द जादा आहे.

‘अ’ : १ नामकरण, २ अन्नप्राशन, ३ चौल, ४ उपनयन, ५ समावर्तन.
‘ब’ : क सोडमुंज, ख डोहाळजेवण, ग बारसे, घ मुंज, च उष्टावण, छ जावळ काढणे.

उत्तरे : १–ग, २–च, ३–छ, ४–घ, ५–क.

जादा शब्द हेतुपूर्वक घातला आहे. दोन्ही गट समान असले, तर शेवटची जोडी न समजताही जुळते. ‘अन्न’ आणि ‘जेवण’ हे शब्द पाहून एखादा विद्यार्थी २–ख असे लिहील. त्याचे उत्तर नुसते खोडू नये. “डोहाळजेवणात कोण जेवते?” असे विचारावे. ‘बाळाची आई’ हे उत्तर येताच, तेव्हा बाळ जन्मलेलेच नसते, हे त्याच्या ध्यानी येईल व तो उष्टावणाकडे वळेल. दुसरी चूक चौल व उपनयन यांत होते. मुंजीतही मुंडन असते आणि पुष्कळ घरी चौल मुंजीबरोबरच उरकतात. तेव्हा “मेखला कोठे आहे?” हा प्रश्न उपयोगी पडेल.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. बारसे व जावळ अनेक समाजांत होतात. मुंज सर्व जातींत होत नाही. मनुस्मृतीतही उपनयनाचे वय तीन वर्णांपुरतेच सांगितले असून शूद्रांस तो अधिकार नाकारला होता. म्हणून “तुझी मुंज झाली काय?” असे वर्गात कोणासही विचारू नये, त्या प्रश्नाने मुलाची जात चारचौघांत उघडी पडते. त्याऐवजी ‘आपल्या घरी बाळाचे नाव कसे ठेवतात?’ यावर प्रत्येकाने पाच ओळी लिहाव्यात. अन्य धर्मांची मुलेही हे लेखन करू शकतील.