दोन टक्क्यांचा हिशेब

शतमान काढण्याची उदाहरणे आपण वर्गात पुष्कळ सोडवितो. परंतु तेच गणित बाजारातील कागदावर दिसले, की आपण त्यास ओळखतोच असे नाही. गेल्या वर्षी असाच एक कागद आमच्या हाती आला. त्याची हकीकत येथे सांगत आहो.

गावातील एक किराणा दुकानदार, आमच्याच एका विद्यार्थ्याचे वडील, बेळगावच्या घाऊक पेढीकडून डाळी, साखर, गूळ असा माल आणवितात. चतुर्थीसाठी त्यांनी पन्नास हजारांचा माल भरला. २०२५ साली चतुर्थी २७ ऑगस्टला होती. बिलावर तारीख १ ऑगस्टची होती. बिलाच्या तळाशी एक ओळ छापलेली होती: ‘दहा दिवसांत रक्कम भरल्यास दोन टक्के रोख वटाव, एरव्ही तीस दिवसांत पूर्ण रक्कम.’

ते म्हणाले, “मास्तर, दोन टक्के म्हणजे काय मोठेसे? महिनाभर उधारी फुकट मिळते आहे, ती कोण सोडील? चतुर्थीची विक्री झाली की पैसे देऊन टाकू.”

त्यांचे म्हणणे वरवर पाहता व्यवहाराचेच वाटते. ते कितपत खरे, हे आपण पाहू.

आधी एक भेद ध्यानी घ्यावा. घाऊक व्यापारी मोठ्या खरेदीबद्दल दरात जी सूट देतो, तो व्यापारी वटाव. तो बिलातच वजा झालेला असतो आणि वहीत वेगळा मांडला जात नाही. रोख वटाव निराळा. तो मालाबद्दल नसून वेळेबद्दल असतो. पैसे लवकर दिले तरच मिळतो, आणि म्हणून रक्कम चुकती करण्याच्या दिवशी त्याची नोंद स्वतंत्रपणे करावी लागते. कोठे यालाच कसर असेही म्हणतात.

आता बिलाकडे वळू. ११ ऑगस्टपर्यंत पैसे दिल्यास ४९,००० रुपये द्यावयाचे. ३१ ऑगस्टला दिल्यास ५०,०००. पहिले दहा दिवस खरोखरच फुकट आहेत, कारण पहिल्या दिवशी दिले काय आणि दहाव्या दिवशी दिले काय, रक्कम तीच. म्हणून वटाव घ्यावयाचा असेल तर तो दहाव्या दिवशी घ्यावा. त्याआधी घाई करण्यात लाभ नाही. परंतु पुढचे वीस दिवस फुकट नाहीत. ४९,००० रुपये आणखी वीस दिवस स्वतःपाशी ठेवण्यासाठी दुकानदार १,००० रुपये मोजीत असतो. त्यास व्याज हे नाव नाही, एवढेच.

हे व्याज किती दराचे? १,००० ला ४९,००० ने भागले म्हणजे वीस दिवसांसाठी २·०४ टक्के येतात. येथे पुष्कळांची एक चूक होते: ते ५०,००० ने भागतात. पण त्या वीस दिवसांत वापरावयास मिळणारी रक्कम ४९,००० च आहे, तेव्हा भागावयाचे तिनेच. वर्षात वीस दिवसांचे सव्वाअठरा गट होतात. २·०४ ला १८·२५ ने गुणले असता वार्षिक दर सुमारे ३७ टक्के येतो. ज्यास आपण ‘फुकट उधारी’ म्हणत होतो, तिचा खरा भाव हा असा आहे!

हा आकडा ऐकून ते गृहस्थ क्षणभर स्तब्ध झाले. मग त्यांनी योग्य तीच शंका काढली. “पण मास्तर, अकरा तारखेला गल्ल्यात एवढे पैसे असतील कोठून? विक्री तर चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात व्हावयाची.”

त्यांच्या दुकानास बँकेकडून बारा टक्के दराने रोख कर्जाची मर्यादा मंजूर होती आणि ती त्या वेळी पुष्कळशी मोकळी होती. अशा खात्यात जितके दिवस जितकी रक्कम वापरली, तितक्याचेच व्याज पडते. ४९,००० रुपयांवर बारा टक्क्यांनी वीस दिवसांचे व्याज सुमारे ३२२ रुपये होते. म्हणजे कर्ज काढून वटाव घेतला तरी १,००० वजा ३२२, असे ६७८ रुपये पदरात उरतात. या मालावर त्यांना अदमासे पाच टक्के, म्हणजे अडीच हजार रुपये सुटावयाचे होते. त्यात ६७८ ची भर काही थोडी नव्हे. असे बिल दरमहा येत असेल, तर वर्षाकाठी आठ हजारांवर रक्कम होते.

मात्र यावरून ‘रोख वटाव नेहमीच घ्यावा’ असा नियम कोणी पाठ करू नये. उत्तर दोन गोष्टींवर अवलंबून असते: उधारीची मुदत किती, आणि पैसा कोणत्या दराने मिळतो.

वटाव तोच, पण पूर्ण रकमेची मुदत तीसऐवजी नव्वद दिवसांची आहे असे समजा. आता १,००० रुपयांत ऐंशी दिवस विकत मिळतात, आणि वार्षिक दर सव्वानऊ टक्क्यांच्या आसपास उतरतो. बँकेचे बारा टक्क्यांनी ऐंशी दिवसांचे व्याज सुमारे १,२८९ रुपये होईल. येथे कर्ज काढून वटाव घेणारा २८९ रुपये गमावतो. त्याने मुदत पुरी वापरावी हेच बरे. उलट, मुदत तीस दिवसांचीच आहे पण पैसा सावकाराकडून महिना तीन टक्क्यांनी आणावा लागतो, असे असल्यास वीस दिवसांचे व्याज ९८० रुपये पडते. वीस रुपयांच्या लाभासाठी सावकाराचा उंबरठा झिजविण्यात अर्थ नाही.

आणखी दोन ठिकाणी पाय घसरतो. दहा दिवस कोणत्या तारखेपासून मोजावयाचे, बिलाच्या की माल पोहोचल्याच्या, हे आधी विचारून घ्यावे. वाटेत चार दिवस गेले, तर हाती सहाच उरतात. तसेच धनादेश दिल्याचा दिवस धरावयाचा की रक्कम पेढीच्या खात्यात जमा झाल्याचा, हेही ठरवून घ्यावे. बाराव्या दिवशी पैसे पाठवून दोन टक्के परस्पर कापून घेतले, तर पेढी ते १,००० रुपये पुन्हा आपल्या नावे टाकते. पुढच्या खातेउताऱ्यात जुन्या बिलापुढे अशी लहानशी बाकी दिसली, की हेच घडले आहे असे समजावे.

त्या दुकानदारांनी ११ ऑगस्टला बँकेतून ४९,००० रुपये पाठविले आणि चतुर्थीची विक्री आटोपताच कर्ज फेडले. त्या दिवशी हिशेबाचा कागद त्यांच्या मुलानेच मांडला होता. भागाकारही त्यानेच केला, आणि तो ४९,००० नेच केला.

आता एक उदाहरण तुमच्यासाठी. २०,००० रुपयांचे बिल आहे. सात दिवसांत भरल्यास एक टक्का वटाव, नाहीतर एकवीस दिवसांत पूर्ण रक्कम. वार्षिक दर किती? उत्तर सुमारे २६ टक्के यावयास हवे. घरी कोणाचे दुकान असेल, तर त्यांच्या बिलाचा तळ एकदा वाचून पाहा.