सहाव्या विषयाचा हिशेब : दहावीच्या अपेक्षित टक्क्यांसाठी लेखी परीक्षेत किती गुण हवेत?

दहावीची सराव परीक्षा, म्हणजे प्रचारातली ‘प्रिलिम’, आटोपून तिच्या उत्तरपत्रिका घरी आल्या, की गिरगावापासून दादर-परळपर्यंतच्या घराघरांतून एकच प्रश्न विचारला जातो : अमुक टक्के पडायचे, तर बोर्डाच्या परीक्षेत अजून किती गुण मिळवायला हवेत? या प्रश्नाला सहसा जे उत्तर दिले जाते, ते म्हणजे नव्वद टक्क्यांसाठी प्रत्येक विषयात ऐंशीपैकी बहात्तर. हा ठोकताळा अगदीच निराधार नसला, तरी मंडळाच्या गुणदानपद्धतीतल्या दोन महत्त्वाच्या बाबी त्यात हिशेबात धरलेल्या नसतात, आणि त्यामुळे विद्यार्थ्याचे उरलेले दिवस पुष्कळदा नको त्या विषयावर खर्ची पडतात.

पहिली बाब अशी, की राज्य मंडळाच्या दहावीत प्रत्येक विषयाचे शंभर गुण ऐंशी आणि वीस अशा दोन भागांत विभागलेले आहेत. भाषांना ऐंशी गुणांची लेखी परीक्षा, तर गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रे यांना प्रत्येकी चाळीस गुणांच्या दोन प्रश्नपत्रिका असतात. उरलेले वीस गुण तोंडी परीक्षा, प्रात्यक्षिक किंवा अंतर्गत मूल्यमापन यांतून शाळा देते. दुसरी बाब म्हणजे ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’. सहाही विषयांत उत्तीर्ण होणे अनिवार्य असले, तरी टक्केवारी मात्र सर्वाधिक गुणांच्या पाच विषयांवरून, म्हणजे ५०० गुणांवर, काढली जाते. हा नियम २०१० मध्ये उच्च न्यायालयाने रद्द ठरवला होता, परंतु त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने तो ग्राह्य धरला, आणि मुंबईतील अकरावीचे केंद्रीय पद्धतीचे प्रवेश त्याच टक्केवारीच्या आधारे होत आले आहेत. पाचशेपैकी एक गुण म्हणजे शेकडा ०.२०, म्हणून ४४९ गुणांना ८९.८० टक्केच पडतात. त्यांचे नव्वद होत नाहीत, आणि प्रवेशाच्या गुणवत्ता यादीत ही तफावत विचारात घेतली जाते.

आता गणिताकडे वळू. अपेक्षित टक्क्यांना पाचने गुणले, की पाचशेपैकी लागणारे गुण मिळतात. त्यांतून जमेस धरल्या जाणाऱ्या पाच विषयांचे शाळेतले गुण वजा केले, की लेखी परीक्षेच्या ४०० पैकी लागणारी बाकी उरते. लालबागच्या मराठी माध्यमातल्या एका काल्पनिक विद्यार्थिनीचे उदाहरण घेऊ. तिचे शाळेतले गुण मराठीत १९, हिंदीत १८, इंग्रजीत १८, गणितात १९, विज्ञानात १९ आणि सामाजिक शास्त्रांत १८ आहेत असे समजू. मराठी तूर्त बाजूला ठेवली, तर उरलेल्या पाचांची बेरीज ९२ होते. नव्वद टक्क्यांसाठी ४५० हवेत, म्हणून लेखी परीक्षेत ३५८, म्हणजे सरासरी दर विषयाला ७१.६ गुण लागतात. हेच गणित तिने ९९ टक्क्यांसाठी मांडले, तर ४९५ मधून ९२ गेल्यावर ४०३ उरतात, आणि लेखी परीक्षा तर चारशेचीच असते. उद्दिष्ट हाताबाहेरचे आहे की नाही, हे या एका वजाबाकीतून कळते. उत्तर ४०० च्या आत असले, तरी ते ३९५ च्या घरात आले, तर पाच विषयांत मिळून पाचच गुण गमावण्याची मुभा आहे, हे पालकांनी ध्यानात घ्यावे.

परंतु सरासरीने हिशेब पुरा होत नाही. खरी मेख सहाव्या विषयात आहे. याच विद्यार्थिनीला सराव परीक्षेत मराठीत ६६, हिंदीत ६८, इंग्रजीत ६९, गणितात ७४, विज्ञानात ७० आणि सामाजिक शास्त्रांत ७१ गुण मिळाले असतील, तर शाळेतले गुण मिळवून तिची एकूण मांडणी अनुक्रमे ८५, ८६, ८७, ९३, ८९ आणि ८९ अशी होते. सर्वांत कमी गुणांची मराठी वगळली, की बेरीज ४४४, म्हणजे ८८.८० टक्के, आणि नव्वदाला सहा गुण कमी पडतात. अशा वेळी घरातली वडीलधारी मंडळी साहजिकच म्हणतात, की मराठीतच गुण कमी आहेत, तेव्हा आधी मराठी सुधार. आणि नेमक्या याच सल्ल्याने श्रम वाया जाण्याचा संभव असतो. मराठीत एक गुण वाढला, तर ती हिंदीच्या बरोबरीला येते आणि एकूण बेरजेत काहीच भर पडत नाही. दोन वाढले, तर ती हिंदीची जागा घेते आणि बेरीज केवळ एकाने वाढते. याउलट इंग्रजीच्या उपयोजित लेखनात तिने तीन गुण अधिक मिळवले, विज्ञानात दोन आणि सामाजिक शास्त्रांत एक, तर ते सहाच्या सहा गुण पदरात पडून बेरीज बरोबर ४५० होते. गणितात लेखी परीक्षेचे सहाच गुण शिल्लक असल्यामुळे तिथे वाढीला वाव थोडा, ही गोष्टही या मांडणीतच दिसून येते.

मग सहाव्या विषयाचा अभ्यास सोडूनच द्यावा काय? तसे करणे सर्वस्वी अनिष्ट होय. एक तर त्यात उत्तीर्ण व्हावेच लागते; दुसरे असे, की एखादा पेपर बिघडलाच, तर तोच विषय तारण म्हणून उपयोगी पडतो. योजनेप्रमाणे इंग्रजीत ७२ मिळायचे ते ६४ च मिळाले, तर इंग्रजीचे एकूण गुण ९० ऐवजी ८२ होतील. परंतु तेव्हा इंग्रजी गणनेतून बाहेर जाऊन ८५ गुणांची मराठी तिच्या जागी येईल आणि आठ गुणांचा तोटा पाचांवर थांबेल. मराठीत एकूण ७५ गुण असते, तर तोच तोटा पंधरा गुणांचा झाला असता काय? नाही, इंग्रजी ८२ गुणांनिशी पाचांतच राहून आठच गुण गेले असते, पण ते पुरेपूर गेले असते. म्हणून सहावा विषय पाचव्याच्या जितका जवळ, तितका अपघाताचा फटका सौम्य.

या हिशेबाला एक मर्यादा आहे. शाळेतले गुण निकालापूर्वी विद्यार्थ्याला नेमके ठाऊक असतातच असे नाही. म्हणून प्रत्येक विषयात अपेक्षेपेक्षा एक-दोन गुण कमी धरूनच मांडणी करावी, आणि सराव परीक्षेच्या गुणांकडेही तितक्याच सावधपणे पाहावे, कारण काही शाळा तपासणीत हात आखडता घेतात, तर काही सैल सोडतात. चित्रकला किंवा क्रीडा यांचे अतिरिक्त गुण मिळण्याजोगे असतील, तर ते या बेरजेत न धरता वेगळे ठेवावेत आणि त्यांवर उद्दिष्ट उभारू नये.

परीक्षा सुरू झाल्यावर झालेल्या पेपरची उत्तरे पडताळत बसण्यापेक्षा त्या विषयाचा अंदाजी आकडा, तोही थोडा कमीच, कागदावर लिहावा, सहाही विषय नव्याने उतरत्या क्रमाने लावावेत आणि आता सहावा विषय कोणता हे पाहावे. ‘किती पडतील?’ या प्रश्नापेक्षा पालकांनी मुलाला विचारण्याजोगा प्रश्न हाच होय, कारण पुढच्या पेपरचा वेळ कोठे द्यावा, याचे उत्तर त्यातूनच निघते.