चष्मा घसरतो? आधी काडीवरचे आकडे वाचा



एका गटाच्या सचिव ताई मासिक बैठकीत वही लिहिताना चष्मा काढून ठेवायच्या. मी विचारलं, तर म्हणाल्या, "नंबरच चुकलाय. वही बघायला मान वर करावी लागते." त्या बैठकीत त्यांनी 350 च्या जागी 850 लिहिले, आणि हिशेब जुळेपर्यंत अंधार पडला. नंतर डोळे पुन्हा तपासले, तर नंबर बरोबर निघाला. चुकली होती ती फ्रेम.

त्यांच्या चष्म्याला वर लांबचा आणि खाली जवळचा नंबर होता. चष्मा नाकावरून घसरला की जवळचा भागही खाली जातो. मग अक्षर दिसायला हनुवटी वर उचलावी लागते. म्हणून फ्रेम घेताना रंगाआधी माप बघायचं.

आता तुमचा चष्मा हातात घ्या. काडीच्या आतल्या बाजूला बारीक आकडे असतात. ताईंच्या काडीवर होते 54, 20, 145. तिन्ही मापं मिलिमीटरमध्ये असतात. पहिला आकडा एका काचेची रुंदी. दुसरा दोन काचांमधलं अंतर, म्हणजे नाकावर बसणारा पूल; दुकानात त्याला 'ब्रिज' म्हणतात. तिसरा काडीची लांबी, बिजागरीपासून कानामागच्या टोकापर्यंत, वळणासकट.

पूल. ताईंचं नाक बारीक, आणि पूल 20 चा. त्यामुळे फ्रेम नाकाला धरतच नव्हती, खाली सरकत होती. पूल अरुंद असेल तर उलट होतं: चष्मा नाकावर उंच बसतो, चिमटा घेतो, लाल वळ उठतात. फ्रेम प्लॅस्टिकची असेल तर पूल सहसा बदलता येत नाही. धातूच्या फ्रेमला नाकावर टेकणाऱ्या दोन छोट्या गाद्या असतात, त्या दुकानदार आत-बाहेर वाकवून देतो. नाक वरच्या बाजूला बसकं असेल, तर अशी गाद्यांची फ्रेमच घ्या.

काडी. काडीचं वळण कानाच्या वरच्या टोकाच्या जरासं मागे सुरू व्हायला हवं. काडी लांब असली तर वळण फार मागे जातं, कानाला पकड राहत नाही. आखूड असली तर कानामागे टोचतं. ताईंची काडी लांब होती. लांबी थोडीच जास्त असेल तर प्लॅस्टिकचं टोक गरम करून वळण पुढे घेता येतं. हे काम दुकानातच करून घ्या. घरी चुलीवर धरू नका.

रुंदी. फ्रेमची रुंदी कानशिलांच्या रुंदीएवढी हवी. काड्या कानशिलाला दाबत असतील तर फ्रेम लहान, बाजूला बोटभर जागा राहत असेल तर मोठी. समोरून बघताना डोळा काचेच्या साधारण मध्ये, किंचित नाकाकडे यायला हवा. दोन नंबरांची काच असेल, तर काचेची उंचीही पट्टीने मोजा. ती 30 मिलिमीटरच्या आसपास असू द्या. फार बुटकी फ्रेम घेतली की जवळच्या नंबराला जागा उरत नाही.

ताईंनी नवी फ्रेम घेतली ती 50, 16, 135 ची, धातूची, गाद्यांची. पण हे त्यांच्या चेहऱ्याचं माप झालं. तुमचं वेगळं असेल.

माप जमलं की मग आकार. साधा नियम असा, की चेहऱ्यात जे जास्त आहे ते फ्रेममध्ये पुन्हा नको. चेहरा गोल असेल तर कोपरे असलेली, आडवी फ्रेम शोभते. जबडा चौकोनी, कपाळ रुंद असेल तर गोल किंवा अंडाकृती. चेहरा लांबट असेल तर उंच काचेची फ्रेम घ्या, बारीक पट्टीसारखी नको. कपाळ रुंद आणि हनुवटी निमुळती असेल तर वरची कड जाड आणि गडद नको. हा नियम फक्त दिसण्याचा आहे. आवडलेला आकार मापात बसत नसेल, तर तो सोडा.

दुकानात पैसे देण्याआधी तीन गोष्टी करा. मान खाली घालून वही लिहिल्यासारखं करा. चष्मा जागचा हलता कामा नये. मोकळेपणी हसा, गालांनी फ्रेम उचलली जाता कामा नये. मग पाच-दहा मिनिटं घालून बसा, काढा आणि आरशात नाक बघा. हलकी खूण चालेल, दुखरा वळ नको. शिबिरात फ्रेम मिळत असली तरी हे करून बघा, आणि बसत नसेल तर दुसरी मागा. त्यात संकोच नको.

पुढच्या बैठकीला येताना चष्मा घेऊन या. आकडे दिसत नसतील तर शेजारणीला वाचायला सांगा. ताई आता वही चष्मा लावूनच लिहितात, आणि मानही खाली असते.

— तुमची क्षेत्र समन्वयक