झाकलेला आकडा आणि पुसलेला आकडा

ग्रामपंचायतीचा लिपिक पुरवठादारास रक्कम पाठवितो आणि पुरावा म्हणून मोबाइलच्या पडद्याचे चित्र, म्हणजेच स्क्रीनशॉट, सदस्यांच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकतो, अशी कल्पना करू. तत्पूर्वी तो पुरवठादाराच्या खाते क्रमांकावर काळ्या रंगाचे दोन-तीन फटकारे ओढतो. क्रमांक दिसेनासा होतो व लिपिक निश्चिंत होतो. वास्तविक त्याने क्रमांक झाकलेला असतो, पुसलेला नव्हे.

मोबाइलमधील जाड टोकाची लेखणी पुष्कळदा ओळी अधोरेखित करण्यासाठी असते व तिचा रंग मुळातच पारदर्शक असतो. फटकारे वाढले की तो काळा भासतो. परंतु अंकांच्या जागी काळेपणा किंचित निराळा उरतो. चित्राची प्रखरता पूर्ण वाढविताच अंक वर येतात. म्हणून पाठविण्यापूर्वी चित्राची एक प्रत घेऊन तिच्यावर हाच प्रयोग करून पाहावा. पट्टी एकसारखी काळी राहिली, तरच ती खरी.

क्रमांक धूसर करणे किंवा त्याचे चौकोनी ठिपके करणे हा उपायही फसवा आहे. अंक अवघे दहा, आणि अॅपमधील अक्षरांचा ठसा सर्वांस ज्ञात. त्याच ठशातील प्रत्येक अंक तसाच धूसर करून मूळ चित्राशी ताडून पाहणे संगणकास अवघड नाही. पूर्ण भरीव रंगाचा आयत मात्र असा मागमूस ठेवीत नाही.

कडेचा भाग कापून टाकणे अधिक सुरक्षित वाटते. पण तेथेही एकदा घोटाळा झाला होता. गूगलच्या पिक्सेल फोनमध्ये कापलेले लहान चित्र जुन्या मोठ्या फाइलवरच लिहिले जाई आणि फाइलचे उरलेले शेपूट तसेच राही. त्यातून कापलेला भाग अंशतः परत मिळविता येई. मार्च २०२३ मध्ये हा दोष उघड होऊन दुरुस्त झाला. तथापि पूर्वी पाठविलेल्या मूळ फाइली त्या दुरुस्तीने शुद्ध झाल्या नाहीत.

तेव्हा लिपिकाने प्रथम अनावश्यक भाग कापावा. त्यात वरच्या पट्टीतील सूचनाही आल्या, कारण ओटीपी नेमका तेथेच डोकावतो. नंतर खाते क्रमांक, मोबाइल क्रमांक व क्यूआर कोड यांवर भरीव आयत ठेवावा. क्यूआर कोड माणसास वाचता येत नाही, म्हणून तो विसरला जातो. ओळख पटण्यासाठी खात्याचे शेवटचे चार अंक उघडे ठेवण्यास हरकत नाही. शाखेचा आयएफएससी संकेतांक तर सार्वजनिकच असतो. मग ते चित्र पडद्यावर उघडून त्याचाच नवा स्क्रीनशॉट घ्यावा व तोच पाठवावा. नव्या फाइलमध्ये पडद्यावर दिसले तेवढेच उतरते. अर्थात पट्टी पारदर्शक असेल, तर तिचा दोषही तसाच उतरतो.

पासवर्ड एकदा उघडा गेला असेल, तर संदेश मागे घेऊन भागत नाही. पासवर्डच बदलावा लागतो.